गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास का येतो: गंधकाचा माग कसा काढायचा

काळ्या मिठाला मराठीत पादेलोण म्हणतात, आणि हे नाव अगदी अचूक आहे. त्या मिठाची बरणी उघडल्यावर येणारा वास, फार वेळ उकडलेलं अंडं सोलताना येणारा वास आणि काही दिवशी आपल्या पोटातल्या वाऱ्याला येणारा वास, हे तिन्ही एकाच वायूचे आहेत. त्याचं नाव हायड्रोजन सल्फाइड. अंडं जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट-करडं कडं धरतं, ते याच वायूमुळे. पांढऱ्या भागातल्या गंधकातून तो सुटतो आणि बलकातल्या लोहाशी जुळतो. पोटात हेच गंधक असतं, फक्त तिथे ते सोडवायचं काम आच करत नाही, जिवाणू करतात.

मी आहाराचा सल्ला देते. या वासाने हैराण झालेली माणसं माझ्याकडे येतात तोवर त्यांनी बहुतेक एक गोष्ट केलेली असते. त्यांनी डाळी आणि उसळी बंद केलेल्या असतात. गेल्या वर्षी आलेला एक सव्वीस वर्षांचा मुलगा म्हणाला, “मॅडम, डाळ तर तीन महिने बंद आहे, तरी वास जात नाही. उलट वाढलाय.” त्याचं निरीक्षण बरोबर होतं. वास का वाढला ते पुढे सांगते, कारण त्याच्याच नोंदींवरून ही सगळी पद्धत नीट समजते.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

पोट गुबारणं ही एक तक्रार आणि गॅसला घाण वास येणं ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपाय तर कधीकधी एकमेकांच्या उलट आहेत.

निरोगी माणूस दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर टाकतो, दहा ते वीस वेळा. त्यातला 99 टक्क्यांहून जास्त भाग नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायॉक्साइड, थोडा ऑक्सिजन आणि काही जणांत मिथेन असा असतो. यातल्या एकालाही वास नाही. वास येतो तो उरलेल्या एक टक्क्याहून कमी भागातल्या गंधकयुक्त वायूंना. आपलं नाक हायड्रोजन सल्फाइड इतकं चटकन पकडतं की हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी कळतं. म्हणून गॅस किती झाला यावरून वासाचा अंदाज बांधता येत नाही. भरपूर गॅस अगदी बिनवासाचा असू शकतो आणि जेमतेम सुटलेला खोली रिकामी करू शकतो.

अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये पोटविकारतज्ज्ञ मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये यावर थेट काम केलं. 16 निरोगी लोकांना राजम्याच्या जातीचे पिंटो बीन्स आणि लॅक्ट्युलोज ही न पचणारी साखर देऊन त्यांचा वायू गोळा केला, त्यातले घटक मोजले आणि दोन परीक्षकांना नमुने हुंगायला देऊन वासाला गुण द्यायला सांगितलं. वास जितका उग्र, तितकं हायड्रोजन सल्फाइड जास्त, असं दिसलं. दुसरा वायू मिथेनथायॉल, त्याचा वास सडक्या कोबीसारखा. तिसरा डायमिथाइल सल्फाइड, तो गोडसर. म्हणजे वास नेमका अंड्याचा असेल तर आपण कोणाच्या मागावर आहोत ते नाकच सांगतं.

गंधक मोठ्या आतड्यात पोचतं कसं

हायड्रोजन सल्फाइड तयार व्हायला गंधक लागतं, आणि ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचावं लागतं, कारण जिवाणूंची खरी वस्ती तिथे आहे. लहान आतड्यातच शोषलं गेलेलं गंधक वास देत नाही. हा एक मुद्दा पक्का धरला तर पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली वाट प्रथिनांची. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यातल्या दोघांत, सिस्टीन आणि मेथिओनिनमध्ये, गंधक असतं. अंडं, मांस, मासे, दूध आणि विशेषतः व्हे प्रोटीन पावडर यांत ती भरपूर असतात. नेहमीच्या जेवणातली बहुतेक प्रथिनं लहान आतड्यात पचून शोषली जातात. पण एका वेळी फार खाल्ली, नीट शिजलेली नसली किंवा पचनातच अडचण असली, तर उरलेली खाली सरकतात. तिथे ई. कोलाय, क्लेब्सिएला, फ्युसोबॅक्टेरियम आणि क्लॉस्ट्रिडियम गटातले काही जिवाणू सिस्टीन फोडतात आणि त्यातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतं.

व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या डॉक्टरांनी 1998 मध्ये, लहान आतड्याचं टोक पोटावर उघडलेल्या रुग्णांत, अंड्याचं प्रथिन किती पचतं ते मोजलं. शिजवलेल्या अंड्याचं सुमारे 91 टक्के प्रथिन पचलं, कच्च्याचं जेमतेम 51 टक्के. म्हणजे दुधात कच्ची अंडी फोडून पिणारा माणूस त्यातलं जवळजवळ निम्मं प्रथिन, गंधकासकट, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना वाढतो. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होण्याचा धोका वेगळाच.

दुसरी वाट सल्फेटची, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. डेसल्फोव्हिब्रिओ नावाचे जिवाणू, माणसात मुख्यतः डेसल्फोव्हिब्रिओ पायगर, सल्फेटवर जगतात. आपण श्वासात ऑक्सिजन वापरतो तसं ते सल्फेट वापरतात आणि बाहेर हायड्रोजन सल्फाइड टाकतात. सल्फेट काही भागांतल्या विहिरीच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात बरंच असतं. सल्फाइटने टिकवलेल्या खाण्यातूनही त्याची भर पडते. पिवळेजर्द चमकदार बेदाणे, नारिंगी रंग टिकून राहिलेले जर्दाळू आणि वाइन ही त्याची उदाहरणं. आतड्याच्या अस्तरावरच्या बुळबुळीत थरातही सल्फेट असतं, त्यामुळे अगदी साधं खाणाऱ्याच्या पोटातही हे जिवाणू उपाशी राहत नाहीत.

तिसरी वाट पित्ताची. बायलोफिला वॉड्सवर्थिया हा जिवाणू पित्तातल्या टॉरिन नावाच्या गंधकयुक्त घटकावर वाढतो. तेलातुपाचं जड जेवण पचवायला जास्त पित्त लागतं, आणि मांसाहारात टॉरिनही असतं. रविवारच्या तर्रीदार मटणानंतर सोमवारी जे होतं त्यात प्रथिनाबरोबर पित्ताचाही वाटा असतो.

कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर, मुळा आणि नवलकोल यांना मी या तीन वाटांत बसवत नाही, कारण ते दुहेरी काम करतात. त्यांच्यात गंधकाची स्वतःची संयुगं आहेत, आणि कांदा-लसणात फ्रुक्टन नावाची न पचणारी साखरसाखळीही आहे. फ्रुक्टन आंबलं की गॅस वाढतो, गंधकामुळे त्याला वास चढतो. पावसाळ्यात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांत अनेकांचं पोट त्या दिवसांत हलकं वाटतं, त्यामागे एक कारण हेही असावं असं माझं मत आहे. पादेलोणाबद्दल लोक हमखास विचारतात. चिमूटभर काळं मीठ ताकात घातल्याने आतड्यातलं गणित बदलत नाही. त्यातला वायू ग्लासात आणि जठरातच मोकळा होतो, फार तर एखादा ढेकर तसा येतो.

डाळ दोषी का नाही

वाल, पावटे, चवळी, हरभरे, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर आपल्या आतड्यात नाही, म्हणून त्या जशाच्या तशा खाली जातात आणि जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन आणि कार्बन डायॉक्साइड बनवतात. पोट गुबारतं ते यामुळे. पण हे वायू बिनवासाचे आहेत.

मात्र या हायड्रोजनवर तीन गिऱ्हाइकं टपलेली असतात. मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी तो घेऊन मिथेन बनवतो, काही जिवाणू त्याचं ॲसिटेट बनवतात, आणि डेसल्फोव्हिब्रिओ तो सल्फेटला जोडून अंड्याचा वास बनवतो. कुणाच्या पोटात कोण वरचढ आहे त्यावर निकाल ठरतो. एकाच ताटातली पावट्याची उसळ दोन भावांनी खाल्ली तरी एकालाच वास येतो, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. आणि हेही लक्षात घ्या की हायड्रोजन असला तरी गंधक नसेल तर वास नाही. उसळ एकटी सहसा वास मारत नाही, चार अंड्यांच्या भुर्जीबरोबर आली तर मारते.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पिष्ट आणि तंतू मिळाले की ते आधी तेच खातात. ते संपलं की प्रथिनांकडे वळतात. डाळ, भाकरी, भाजी सगळं बंद करून फक्त अंडी-चिकन खाल्लं की त्यांच्यासमोर प्रथिनाशिवाय काही उरतच नाही. त्या मुलाचा वास डाळ सोडल्यावर वाढला तो म्हणून.

आणि वेळ. मळ जितका जास्त काळ आतड्यात रेंगाळतो तितकं पिष्ट लवकर संपतं आणि प्रथिनं कुजायला वेळ मिळतो. माझ्या अनुभवात या वासाचं सर्वांत दुर्लक्षित कारण बद्धकोष्ठ आहे.

शोध कसा घ्यायचा

पहिलं काम, अन्न तुमच्या पोटातून जायला किती वेळ लागतो ते मोजा. एका जेवणात वाटीभर मक्याचे दाणे खा, फार चावू नका, आणि घड्याळ बघून वेळ लिहा. त्याआधीचे आणि नंतरचे काही दिवस मका खाऊ नका. शौचात दाणे पहिल्यांदा दिसले ती वेळ लिहा. 12 ते 48 तासांत दिसले तर चाल ठीक आहे. 60-70 तास लागले तर बाकी काही करण्याआधी बद्धकोष्ठाकडे बघा. बीटही चालतं, पण लाल रंग पाहून लोक रक्त समजून घाबरतात, म्हणून मी मकाच सांगते.

मग सात दिवस काहीही न बदलता नोंद ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, आणि वास आला तर किती वाजता. वासाला शून्य ते तीन गुण द्या: शून्य म्हणजे वास नाही, तीन म्हणजे तुम्हालाच खोलीबाहेर जावंसं वाटलं. शौच कधी झालं तेही लिहा. यात बहुतेकांची चूक होते ती आत्ता खाल्लेल्या पदार्थावर बोट ठेवण्याची. जेवण मोठ्या आतड्यात पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. वास तीन गुणांचा आला की त्या क्षणापासून मागे सहा ते तीस तासांतलं जेवण बघा. जेवल्यावर लगेच गॅस सुटतो तो आधीपासून आत असलेला असतो. जेवणाने आतड्याला चालना मिळाली म्हणून तो बाहेर आला, एवढंच.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती किमान चार दिवस तशीच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. क्रम असा ठेवा. कच्ची किंवा अर्धकच्ची अंडी पूर्ण शिजवून खायला सुरुवात करा. पुरलं नाही तर प्रोटीन पावडर बंद किंवा निम्मी करा आणि दिवसभराचं प्रथिन तीन-चार जेवणांत विभागा, एकाच वेळी रचू नका. मग कांदा, लसूण, कोबी आणि फ्लॉवर. त्यानंतर दूध. दूध न सोसणाऱ्यांत शौच सैल आणि आंबट वासाचं होतं, अंड्याचा वास त्यांत दुय्यम असतो. डाळी आणि उसळींना शेवटपर्यंत हात लावू नका.

जे कमी केलं त्याच्या जागी तंतू आणि पिष्ट वाढवायचं, पण हळू. पहिल्या आठवड्यात रोज एक ज्वारीची भाकरी किंवा अर्धी वाटी मुगाची आमटी एवढंच. रात्रीचा भात लगेच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणी देऊन, कडक गरम करून खाल्ला तरी चालतं. भात गार झाला की त्यातलं काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं आणि ते जिवाणूंच्या वाट्याला येतं. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मात्र खाऊ नका. उसळीचं कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी टाका, मग मोड आणा. यात वर सांगितलेल्या शर्करा बऱ्याच कमी होतात.

या टप्प्यावर पहिले चार-पाच दिवस गॅस जास्त होतो. इथे बहुतेक लोक घाबरून सोडून देतात. गुबारणं आणि वास वेगळे लिहीत असाल तर दिसेल की गॅसचं प्रमाण वाढलं तरी वासाचे गुण उतरत आहेत.

त्या मुलाच्या नोंदी

तो सकाळी चार उकडलेली अंडी खायचा. रात्री साडेआठला व्यायामानंतर दुधात तीन कच्ची अंडी आणि दोन स्कूप व्हे, त्यावर दहाला चिकन आणि कांद्याची कोशिंबीर. भाकरी, भात, डाळ बंद. शौच तीन दिवसांतून एकदा. वास रोज सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान तीन गुणांचा, नेमका ऑफिसात. तो सकाळच्या अंड्यांना दोष देत होता, कारण ती आठ वाजताची. तीन तासांत ती मोठ्या आतड्यात पोचलेलीच नसतात. अकरा वाजल्यापासून मागे मोजलं तर रात्रीचा ग्लास साडेचौदा तासांवर होता. मक्याचे दाणे 66 तासांनी दिसले.

पहिले चार दिवस फक्त कच्ची अंडी बंद केली आणि त्यांचं ऑम्लेट खाल्लं. गुण तीनवरून दोनवर आले. पुढचे चार दिवस व्हे एक स्कूप, तोही पाण्यात. दोनवरच राहिले, काही फरक नाही, आणि तेही मी लिहून ठेवायला सांगितलं. मग भाकरी आणि मुगाची आमटी आली, पाणी वाढलं. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “मॅडम, पोट ढोल झालंय, बंद करू का?” मी वासाचे गुण विचारले. एक होता. त्याने चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी पोट एक दिवसाआड साफ होऊ लागलं आणि मका परत मोजला तेव्हा 38 तास लागले. मग व्हे पुन्हा दोन स्कूप करून पाहिली. गुण एकवरच राहिले. म्हणजे पावडर त्याच्या बाबतीत मुख्य दोषी नव्हतीच. कच्ची अंडी आणि रेंगाळलेलं आतडं हे दोघं होते. दुसऱ्या कुणाच्या नोंदीत हेच उलटं निघेल, म्हणून तयार यादी कुणाला देत नाही.

गोळ्यांबद्दल

कोळशाच्या गोळ्या पोटातून घेऊन फायदा होत नाही. लेव्हिट यांच्याच गटाने 1999 मध्ये त्या आठवडाभर देऊन पाहिल्या, बाहेर पडणाऱ्या गंधकयुक्त वायूंत फरक पडला नाही. शिवाय कोळसा इतर औषधं शोषून घेतो. तोच कोळसा कपड्यात किंवा बसायच्या गादीत घातला तर मात्र वायू बाहेर पडल्यावर गंधक धरून ठेवतो. बिस्मथ सबसॅलिसिलेट हे औषध आतड्यातच हायड्रोजन सल्फाइडला बांधतं आणि त्याचं काळं बिस्मथ सल्फाइड बनतं, त्यामुळे मळ काळा होतो. काम करतं, पण रोज घ्यायचं औषध नव्हे. ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी ते घेऊ नये आणि मुलांना देऊ नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

जेव्हा प्रश्न जेवणाचा नसतो

अंड्याच्या वासाचे करपट ढेकर, पोटात मुरडा आणि तेलकट, तरंगणारा, उग्र वासाचा मळ असं अचानक सुरू झालं, विशेषतः प्रवासानंतर किंवा बाहेरचं पाणी प्यायल्यावर, तर जिआर्डिया या परजीवीची शंका घ्या. मळाची तपासणी करून घ्या आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. एका तपासणीत तो सुटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने मागतात. तेलकट मळ महिनोन्महिने असेल तर स्वादुपिंड किंवा गव्हाच्या ग्लुटेनचा आजारही तपासावा लागतो.

वजन आणि साखर कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे अंड्याच्या वासाचे ढेकर येतात. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही पोट बिघडू शकतं. औषध स्वतःहून थांबवू नका, ज्यांनी दिलं त्यांना सांगा.

मळात रक्त किंवा औषधाशिवाय काळा डांबरी मळ, कारण नसताना उतरणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय पहिल्यांदाच बदलणं, यातलं काहीही असेल तर मक्याचे दाणे मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा. जाताना ती सात दिवसांची वही मात्र बरोबर न्या.